समासभर लाल शाई

...तर काल म्हणत होतो, माझी मनकर्णा मावशी कुहीहून नागपूरला मास्तरीण व्हायला निघाली, तिथंच तुम्ही झोपलात! बालविधवा बाई. परीक्षेत उतरली तर शाळा मिळणार, नाहीतर जन्मभर दिराच्या बांधीत, भाताच्या खाचरात, चिखल तुडवणं. इंग्रजी अमलातली गोष्ट, रे.

नागपूरच्या महाल पेठेत मास्तरणी तयार करणारी अध्यापिका शाळा होती, तिथं निबंध तपासायच्या यमुताई. मोठ्या प्रेमळ. पण हेडबाई वह्या उघडून लाल शाई बघायच्या. समास कोरा दिसला की, "बाई झोपल्या होत्या का?" असं विचारायच्या. म्हणून यमुताई लेखणी हाती धरूनच वाचायला बसत, ओळीओळीला थांबत. मावशीच्या 'आमच्या गावचा बाजार' या निबंधाचा समास तर नुसता कुंकवानं माखलेला: 'येथे वाक्य तोडा', 'कोणते धान? नाव द्या', 'हा शब्द दोनदा आला'. खाली मात्र फक्त सही. शेवटाला पोचेतो घंटा व्हायची.

शेजारच्या इंदूची वही दुसऱ्या बाईंकडे. तिचा समास स्वच्छ, तळाशी एवढंच: 'उदाहरणे तोकडी.' इंदू डोकं खाजवत बसे, "कुठं तोकडी वं, मनकर्णा?"

मावशी हसली, "तुले बुडखा भेटला, मले डहाळ्या. दोघीचं मिळून एक झाड होते, बघ!"

मावशीनं निबंध तीनदा सुधारला. यमुताईंनी दाखवली ती प्रत्येक जागा नीट केली. वाक्यं कशी लख्ख झाली! पण निबंधात बाजारातली टोपली उचलून ती दुसऱ्या परिच्छेदातच धानाच्या बांधीत शिरायची, आणि शेवटपर्यंत रोपं लावत रोवणीच करत राहायची. बाजार मागे राहिला, हे एकेका ओळीशेजारी लिहून कसं कळणार? ते निबंध पुरा वाचून खालीच लिहायला हवं होतं.

परीक्षेत नेमका 'आठवडी बाजार' विषय आला. मावशी हरखली. पाठ झालेलं सगळं बिनचूक उतरवलं. निकालात नापास. परीक्षकाचा शेरा हेडबाईंनी वाचून दाखवला: 'भाषा शुद्ध. विषय सोडून लिहिले.' नापास बाईला तिथं पुन्हा घेत नसत.

यमुताईंनी तेव्हा कुठं तो निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत, लेखणी खाली ठेवून वाचला. मावशी ट्रंक बांधत होती तिथं आल्या. डोळे भरलेले. म्हणाल्या, "मनकर्णे, मी एक ओळ सोडली नव्हती गं. रागावलीस का?"

मावशीनं ट्रंकेची कडी लावली आणि म्हणाली:

"राग नाही, बाई. तुम्ही दाखवली ते एकेक चूक मले सापडली, तेवढं भलं झालं. पण मी बाजार सोडून वावरात गेली, हे खाली एका ओळीत लिहून देल्लं असतं, तर मी माघारी आली असती. आता दिराच्या वावरातच जाऊन राहिली."