दोन पाकिटांचा फोटो

शाहूपुरीत माझं फोटो आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान. भिंतीला भिंत लागून औषधांचं दुकान, आणि तिथल्या काउंटरवर अकरा वर्षं उभी असलेली संघप्रिया कांबळे. डी. फार्म. झालेली. तिच्याइतकं काम जाणणारी आणि तिच्याइतकी चिडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. डायपर मागायला आलेला माणूस "सात महिन्यांचं बाळ हाय" म्हणाला की ती म्हणायची, "महिने नकोत, वजन सांगा." आणि वजन कोणी सांगत नसे. आपल्याकडे बाळाचं वजन चारचौघांत बोलायचं नसतं, नजर लागते. मग वर "मोठ्ठंच द्या, पुढं बी चालंल" असा सल्ला. मोठं दिलं की मांडीतून गळायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस फोडलेलं पाकीट घेऊन भांडायला हजर.

बाकीचे दुकानदार हाताला लागेल ते पाकीट देऊन मोकळे व्हायचे. हिनं प्रत्येक कंपनीचा एकेक डायपर फोडून बघितला होता. औषधाच्या मापानं पाणी ओतायची, तेही मीठ घालून, कारण साध्या पाण्यात सगळेच डायपर शहाणे दिसतात, असं तिचं म्हणणं. मग वरून कोरडा कागद दाबून किती ओल परत येते ते बघायची. पाकिटावरच्या 'बारा तास कोरडं' या शब्दांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. दुपारी कोडोलीचे हंबीरराव आले. दुधाचा धंदा, धोतर-टोपी, आवाज भारदस्त. मुलाचा फोन खिशात घालून आणलेला. त्यात फोटो होता आणि "ह्यातलं द्या" एवढंच त्यांचं म्हणणं. त्या फोनच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर काय दिसणार? संघप्रिया त्यांना घेऊन माझ्याकडे आली. मी ब्लूटूथनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. पलंगावर दोन रिकामी पाकिटं शेजारी ठेवून काढलेला फोटो. मी कडा कापल्या आणि पाकिटं मोठी केली, तर अक्षरं फुटून मला काहीच वाचता येईना.

पण तिनं ओळखलं. पाकिटाच्या पट्ट्याच्या रंगावरून कंपनी सांगितली. पुण्यात मिळते, आपल्याकडे येत नाही. ठळक वीसचा आकडा म्हणजे नगांची संख्या, साईज नव्हे, हे मला दोनदा बजावलं. फोटो जरा लहान करायला लावून खालच्या वजनाच्या ओळीवर बोट ठेवलं. एका पाकिटावर चार ते आठ किलो. दुसऱ्यावर उजेड चमकल्यामुळं साईजचं अक्षर दिसत नव्हतं, पण बारा किलो आणि वर एवढं वाचता येत होतं. म्हणजे एक स्मॉल, एक एक्स्ट्रा लार्ज.

"बाळ एकच हाय ना?" तिनं विचारलं.

एकच, म्हणाले. नऊ महिन्यांची नात. वजन विचारलं तर गप्प. तिनं पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. तेव्हा म्हणाले, "हाय की चांगली, अंगानं भरल्याली." आणि नजर रस्त्याकडे.

मग तिनं हिशोब मांडला, आणि खरं सांगतो, मलाही तो बिनचूक वाटला. नऊ महिन्यांची भरलेली पोर म्हणजे आठ-साडेआठ किलो. स्मॉल तिला आवळणार आणि एक्स्ट्रा लार्ज कमरेखाली घसरणार. घरच्यांनी आधी लहान घेऊन बघितलं असेल, मग रागानं एकदम मोठं. दोन्ही चुकीची. तिनं आपल्याकडच्या कंपनीचा मीडियम काढला. सहा ते अकरा किलो, जेल भरपूर, मांडीला दुहेरी झालर. हंबीरराव दोनदा म्हणाले की सुनेनं दोन्ही सांगितल्यात. ती म्हणाली, "मामा, मी पैशासाठी दोन विकत न्हाय. एकच न्या, बरोबर न्या." गुमान घेऊन गेले बिचारे.

संध्याकाळी फोटो पुसून टाकायला मी मूळचा उघडला. कापायच्या आधीचा, अख्खा. पाकिटांच्या उजव्या बाजूला काहीतरी पांढरं होतं. दुपारी मी ती उशी समजून कापून टाकली होती. ती उशी नव्हती. तिच्या टोकाला पायाची पाच बोटं होती.

मी संघप्रियाला हाक मारली. तिनं एकदा बघितलं आणि खुर्चीत बसली. म्हणाली, पोरीचा खुबा निखळलेला असणार. त्याला छातीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घालतात, मांड्या फाकवलेल्या, मध्ये तेवढी शी-शूची जागा मोकळी. अशा बाळाला दोन्ही लागतात. लहान डायपर चिकटपट्ट्या न लावता प्लॅस्टरच्या आत, अंगालगत खोचायचा आणि मोठा प्लॅस्टरच्या वरून बांधायचा. मीडियम आत खोचायला जाड आणि वरून बांधायला अपुरा. आत लघवी मुरली की प्लॅस्टरखालचा कापूस कुजतो, कातडी सोलते आणि प्लॅस्टर बदलायला पोरीला पुन्हा भूल द्यावी लागते. फोन लावावा म्हटलं, पण नंबर दोघांपैकी कुणी घेतला होता? मी स्वतःला चार शिव्या दिल्या. तिनं एकही दिली नाही, हे जास्त वाईट होतं.

सकाळी तिच्या दुकानातली लहान आणि मोठी अशी दोन्ही पाकिटं घेऊन माझ्या स्कूटरवरून कोडोली गाठली. डेअरीत विचारल्यावर घर लगेच सापडलं. दारात हंबीररावांची बायको, आक्काताई. संघप्रियानं प्लॅस्टरचं नाव काढताच बाईचा चेहरा दगड झाला. "आमच्यात असलं कोन न्हाय. दुसऱ्या घरला जावा." पलीकडच्या ओट्यावरच्या दोन बायका कान टवकारून बसल्या होत्या, तेव्हा मला कळलं. पोरीची जात. पाय अधू म्हणून गावात झालं तर वीस वर्षांनी लग्नाला आड येईल, म्हणून आजा दुकानात गप्प बसला होता. नऊ महिन्यांच्या पोरीच्या लग्नाची काळजी, आणि तिच्या कातडीची कुणाला नाही. मला असा संताप आला की स्कूटर फिरवून निघून जावं वाटलं.

संघप्रिया हलली नाही. आतून सून, स्वप्नाली, बाहेर आली. कडेवर नव्हे, दोन्ही हातांवर आडवी धरलेली पोर. सासूकडे न बघता, ओट्यावरच्या बायकांदेखत तिनं वरचं पांघरूण काढलं. प्लॅस्टरची कड पिवळी झालेली, वास येत होता. रात्रभर बदलत होते म्हणाली, पण कालच्या पाकिटातला एकही आत बसेना.

संघप्रियानं ओसरीवर बसून लहान डायपर कसा खोचायचा ते दाखवलं आणि दर दोन तासांनी बदला म्हणून सांगितलं. कडेच्या आत बोट घातलं आणि काढून घेतलं. आतला कापूस ओला होता. नव्या डायपरनं तो वाळणार नव्हता. जिथं प्लॅस्टर घातलं त्या पुण्याच्या दवाखान्यात आजच न्या, म्हणाली.

तोवर हंबीरराव गोठ्यातून आले होते. ओरडले नाहीत. "ताई, मी काल दोन्ही मागिटली हुती की," एवढंच म्हणाले.

तिनं मान खाली घातली. "मामा, मी वजन इचारलं. बाळाला काय झालंय, ते इचारलंच न्हाय."

हंबीरराव पुण्याची गाडी कधी आहे ते बघायला चौकाकडे निघाले, आणि जाताना ओट्यावरच्या बायकांनी विचारलं तेव्हा त्यांनी नातीच्या पायाचं सगळं सांगितलं.