चार काचा

उभी राहून राहून गाडीची बॅटरी बसली. नौपाड्यातल्या मेकॅनिकने नवी टाकली, तर एका टचमध्ये बंद होणाऱ्या काचा अर्ध्यातच थांबायला लागल्या. मी वैतागलो. मेकॅनिकने समजावलं,

"करंट तुटला की काच कुठे संपते ते गाडी विसरते, काका. मध्ये हात आलाय की वरची फ्रेम, तिला कळत नाही. म्हणून ती स्वतःहून चढवत नाही. बटण ओढून काच पूर्ण वर न्या, मग चार-पाच सेकंद तसंच धरून ठेवा. प्रत्येक काच तिच्याच दारापाशी बसून."

माझ्या बाजूची काच झाली. मग बायकोच्या सीटवर बसलो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. मागे दोन्ही मुलांच्या जागांवर बसलो. मुलं परदेशात असतात.

"आता कुणाचा हात मध्ये आला तर काच आपोआप खाली येईल," मेकॅनिक म्हणाला.

कुणाचा, ते मी विचारलं नाही.