गाल बाकावर टेकवा

"वीस मिनिटं बोला. पोरं जागी राहिली तर पुढच्या टर्मचे तास तुमचे," परळच्या कॉलेजचे विभागप्रमुख म्हणाले. मला ते तास हवेच होते. माझा ॲनिमेशन स्टुडिओ नुकताच बंद पडला होता. संपात बाबांची गिरणी गेली, ते सगळं पाहिलेली आई म्हणालीच, "गिरणीचा झाला तसाच तुझ्या कम्प्युटराचा झाला काय गो?"

विषय होता फिजिकली बेस्ड रेंडरिंग, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रात उजेड खऱ्यासारखा पाडणं. समोर फर्स्ट इयरची पोरं, ग्राफिक्सचा गंध नाही. पहिल्याच स्लाइडवर इंटिग्रल बघून मागून "आई गं!" आलं. माझं डोकं सटकलं. लॅपटॉप केला बंद.

"पूर्वी आम्ही चित्रातल्या वस्तूला चमक हातानं चिकटवायचो," मी म्हटलं. "दिवा हलवला की सोंग उघडं! आता फक्त वस्तू कशी आहे ते सांगायचं. धातू की प्लास्टिक, गुळगुळीत की खरखरीत. उजेडाचा हिशेब कॉम्प्युटर भौतिकशास्त्राच्या नियमानं करतो. आणि जेवढा उजेड पडला त्याहून जास्त परत द्यायचा नाही. फुकटची चमक बंद!"

"पण मॅडम, हे बाक कुठे चमकतंय?" पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"वरून बघतेस म्हणून. रुमालानं पूस, गाल टेकव आणि खिडकीकडे बघ."

तिनं गाल टेकवला आणि किंचाळलीच. "अय्या! अख्खी खिडकी दिसतेय!"

मग काय विचारता! साठ रुमाल निघाले, साठ गाल सनमायकाला चिकटले. "अरे, माझ्यात पंखा दिसतोय!" "ए, तू पुसलंच नाहीस, धुळीनं उजेड विखुरतोय!" मी आनंदानं येडी झाले होते. तिरक्या नजरेनं बघितलं की कुठलाही गुळगुळीत पृष्ठभाग जास्त चमकतो, हे मी ओरडून सांगत होते आणि सांगायची गरजच नव्हती. एकेक जण स्वतःच डोकं वरखाली करून चमक कुठे वाढते ते शोधत होता. मीही टेबलावर आडवी झाले.

नेमके तेव्हाच विभागप्रमुख दारात आले. सगळा वर्ग माना टाकून पडलेला, बाईसुद्धा. मेले! गेले तास, म्हटलं.

"झोपलेत सगळे?" सर गरजले.

"श्शू, सर!" ती मुलगी मान न उचलताच म्हणाली. "उभ्यानं नाही दिसत. खाली या."

सरांनी चष्मा काढला, शेवटच्या बाकावर वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

उठले तेव्हा एका गालावर धुळीचा पट्टा होता. "सोमवारपासून या," ते म्हणाले. "टर्मची वाट कशाला बघायची?"

करी रोडला घरी पोचले तर आई दारातच. "गाल खंय घासून इलंस गो?"

मी तिला उचलून गरकन फिरवली आणि तोच गाल तिच्या गालाला लावला.