मधल्या चौकोनातला नऊ

मंडईतून घरी परतताना बाबा दुसऱ्यांदा रस्ता चुकले, तेव्हा त्यांना कोथरूडला आमच्याकडे आणायचं मी ठरवून टाकलं. सदाशिव पेठेतली खोली सोडायला ते तयार नव्हते. शेवटी त्यांनीच अट घातली: रविवारच्या पेपरातलं अवघड सुडोकू सुटलं तर ते तिथेच राहणार, अडलं तर निघणार. अंदाजाने अंक लिहिणारा हरलाच, हा त्यांचा जुना नियम होता.

रविवारी मी त्यांच्या खोलीवर पोचलो, तेव्हा ते पेपर घेऊनच बसले होते. "परीक्षक आले का? चहा घेणार, की थेट निकालच लावणार?"

सरळ दिसणारे अंक पेनाने भरून संपले आणि ते अडले. रिकाम्या घराघरांत पेन्सिलीने शक्यतांचे बारीक आकडे लिहून झाले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दुसऱ्या ओळीत या दोन घरांत फक्त चार आणि सहा. जोडी. म्हणजे ओळीतल्या बाकीच्या घरांतले चार-सहा गेले." त्यांनी ते खोडले. त्यामुळे वरच्या डाव्या चौकोनात चारसाठी एकाखाली एक अशी दोनच घरं उरली. चार त्या दोघांतच येणार, म्हणून त्या उभ्या ओळीतल्या खालच्या घरांतला चारसुद्धा त्यांनी खोडला. हे न बोलता.

मग त्यांनी मधल्या चौकोनाच्या तळाच्या एका घरात पेनाने नऊ लिहिला. तिथे पेन्सिलीच्या बारीक आकड्यांत नऊबरोबर चारही होता.

"अहो बाबा, इथे चार बसतो की. अंदाजाने लिहिलंत."

"नाही रे. तो चार... तो वरच्या..." ते घरावर बोट फिरवत राहिले. शब्द येईनात. मी वाट पाहिली नाही.

"सांगा ना, का नाही बसत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुझं बरोबर असेल. बॅग माळ्यावर आहे."

ते कपाटातून कपडे काढत होते तेव्हा मी कागद समोर ओढला. मला जिंकल्याची खात्री करून घ्यायची होती. चौथ्या आडव्या ओळीत चार कुठे बसतो ते पाहिलं. त्यांनी चार खोडला होता ते घर वगळता दोनच जागा उरत होत्या आणि दोन्ही मधल्याच चौकोनात. त्या ओळीचा चार त्या चौकोनातच येणार, मग त्याच चौकोनाच्या तळाच्या घरात तो येऊच शकत नव्हता. नऊ बरोबर होता. ही पायरी त्यांनी मनातल्या मनात केली होती. फक्त मला सांगता आली नव्हती.

मागे कपाटाचं दार वाजलं. मी उठून सांगायला हवं होतं. रिक्षा बोलावली.

कोथरूडला ते दिवसभर गॅलरीत बसतात. सुडोकूचं पान पुढे ठेवलं तर घडी घालून परत देतात. परवा मी एकदाचं म्हणालो, "बाबा, तो नऊ बरोबर होता. चूक माझी होती."

त्यांनी विचारलं, "कुठला नऊ?"