पोशीचा अंगठा

साखरशेत गावात पोशीला नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. सगळे तिला धवलेरी म्हणतात. वारल्यांच्या लग्नात भटजी लागत नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला जातो, त्याच्यासमोर धवलेरी गायला बसते, आणि तिचं गाऊन झालं की लग्न लागलं. पोशीने सासूच्या मागे बसून ही गाणी उचलली आणि पुढे दाभोशापासून मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत किती जोडपी उभी केली याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही. गाण्यातला शब्द मात्र तिने कधी गाळला नाही. जावई घाई करू दे, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत राहू दे, ती आपली शेवटपर्यंत गायची. लोक तिला घाबरून होते, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

अशा बाईच्या घरात लग्न राहिलेलं होतं, हे कोणाला विचित्र वाटेल. तिथे वाटत नाही. तिचा मुलगा रोहिदास याने मोखाड्याकडची सुनिता घरात आणली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दोन्ही घरच्यांनी बसून ठरवलं, पाड्याला कळलं, सुनिता चुलीपुढे बसली. लग्न मात्र पुढे ढकललं, कारण लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याचं जेवण. हाताशी काही आलं की करू, असं सगळेच म्हणतात आणि पोरं झाल्यावर करतात. कोणीकोणी तर मुलाच्या लग्नात आपलीही हळद लावून घेतात. दुसऱ्या वर्षी दिपिका झाली. मग रोहिदास जव्हारच्या आयटीआयच्या जोरावर शारजाला गेला, एसीचे डक्ट बसवायला. करोना ओसरल्यावर सुट्टीवर आला तेव्हा लग्न झालं. आठ वर्षांची दिपिका आईबापाच्या लग्नात तारप्याच्या सुरावर नाचली. आपल्याच मुलासाठी पोशी गायला बसली. पुढच्या वर्षी तुषार जन्मला.

तिथवर सगळं सरळ होतं. मग रोहिदास मुकादम झाला, कंपनीने त्याला बायकापोरांसाठी खोली देऊ केली, आणि पुढच्या सुट्टीवर येताना तो एक कागद मागत आला. बायकोचा व्हिसा काढायचा तर विवाह नोंदणीचा दाखला हवा, नुसता नाही, तिकडे चालेल असा शिक्केबंद. खोली कंपनी रिकामी ठेवणार नव्हती.

जव्हारला बाजारपेठेत धर्मेंद्रचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. हा माणूस तालुक्यातले सगळे कागद करून देतो आणि त्याला साहेबांपेक्षा जास्त मान आहे. त्याने रोहिदासला बसवलं, पोरांचे जन्मदाखले पाहिले, आणि पेन खाली ठेवलं.

“लग्न बावीस सालचं?”

“हो.”

“आणि मुलगी चौदा सालची. अरे बाबा, तिकडे हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवतील. मग विचारतील, ही मुलगी लग्नाआधी कशी?”

इथे कोणी विचारत नाही, एवढंच रोहिदासला माहीत होतं.

धर्मेंद्रकडे तोड होती. सुनिता घरात आली ते तेरा साल लिहायचं. बारा वर्षांनी केलेल्या नोंदणीला उशिराचा दंड पडेल, तो भरायचा. ग्रामपंचायतीत अर्जावर नवरा-बायको, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्याची सही. फोटो मागितला तर सांगायचं, तेव्हा कोणाकडे मोबाइल होता. साक्षीदार म्हणून पाड्यातले रघु, ढवळू आणि चंदना एका पायावर तयार झाले. त्यांच्या लेखी सुनिता तेराव्या सालापासूनच रोहिदासची बायको होती आणि यात काही खोटंही नव्हतं. राहिला लग्न लावणाऱ्याचा अंगठा.

धर्मेंद्र स्वतः साखरशेतात आला, अर्ज घेऊन. त्याने पोशीला ओट्यावर बसवून नीट समजावलं. “मावशी, इथे अंगठा दिलास की पोरीची वाट मोकळी. बावीस साल लिहिलं तर सुनिता जाईल, तुषार जाईल, पण दिपिकाचं अडेल. मी पाहिलंय असं.”

“तेराला मी गायलीच नाय,” पोशी म्हणाली.

“गाण्याचं कोण विचारतंय? कागदाचं काम आहे.”

“माना विचारतात ना? लगीन कोणी लावलां, ते माना विचारतात. मग जवां लावलां तवांचाच अंगठा देन.”

रोहिदासने विनवण्या केल्या. सुनिताने सासूसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, तिने उघडलं. “आई, पोरीसाठी दे.” पोशी हटली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की सगळ्या पाड्याने दिपिकाला जन्मल्यापासून पाहिलंय, बाप कोण, आई कोण हे जन्मदाखल्यावर लिहिलंय, मग जी पोर डोळ्यांसमोर उभी आहे तिला कोण नाही म्हणेल? आणि देवांना बोलावून लावलेल्या लग्नाला मागची तारीख द्यायची, तर ज्या देवांना बोलावलं ते काय खोटे पडायचे? दुसऱ्या कोणाचा अंगठा घेता आला असता. पण धवलेरीच्या मुलाचं लग्न दुसऱ्या कोणी लावलं असं लिहिणं म्हणजे पाड्यात तिचं नाक कापणं, आणि तेवढी हिंमत रोहिदासमध्ये नव्हती. त्याची सुट्टी संपत आली होती. बावीस सालची तारीख पडली. पोशीने शाईत अंगठा बुडवला आणि ठसठशीत ठसा उठवला.

पुढचा प्रवास धर्मेंद्रने केला. दाखल्यावर ग्रामसेवकाची सही होती. ती सही त्याचीच, असं जव्हारच्या पंचायत समितीतून लिहून घेतलं. मग मंत्रालयात गृह विभागाने शिक्का मारला. त्याच्या वर परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का. सगळं अधिकृत एजन्सीमार्फत, आपण खिडकीवर जाऊन चालत नाही. मूळ कागद शारजाला पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि अरबी भाषांतर. जन्मदाखल्यांचीही अशीच वरात निघाली.

एवढे शिक्के म्हणजे केवढी तपासणी झाली असेल, असं कोणालाही वाटावं. झाली नव्हती. प्रत्येक शिक्का फक्त एवढंच म्हणत होता की खालची सही खरी आहे. ग्रामसेवकाची सही खरी, त्याच्या वरच्याची सही खरी, त्याच्याही वरच्याची खरी. लग्न खरोखर कधी झालं, हे साखरशेतापासून समुद्रापलीकडपर्यंत एकाही माणसाने विचारलं नाही. ते विचारणारी एकच बाई होती, आणि ती ओट्यावर बसून नाचणी पाखडत होती.

शिक्क्यांचं सगळं निर्विघ्न पार पडलं तेव्हा पोशीला बरं वाटलं. “बघा,” ती ढवळूला म्हणाली, “खरां लिवलां तरी झालां का नाय?”

मग रोहिदासचा फोन आला. कंपनीत व्हिसाचे कागद लावणारा माणूस होता, त्याने तिन्ही दाखले एका ओळीत मांडले होते. तो म्हणाला, बायकोची आणि मुलाची फाइल लावतो, मुलीची लावत नाही. लग्नाआधीची मुलगी म्हटल्यावर विचारणा होणार, खुलासे द्यावे लागणार, कदाचित होईल, कदाचित नाही, आणि तिच्यापायी बाकी दोघांचंही लोंबकळेल. आधी हे दोघे येऊ द्या, तिचं मग बघू. ‘मग बघू’ या शब्दांचा अर्थ साखरशेतात सगळ्यांना कळतो.

“दाखला दुरुस्त करून घेऊ,” सुनिता म्हणाली. धर्मेंद्रने नकारार्थी मान हलवली. नोंद वहीत झाली होती, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, पोशीचा अंगठा होता. आता तारीख बदलायला गेलं तर पहिला खोटा की दुसरा, हे विचारतील, आणि मिळालेले शिक्केही जातील.

सुनिताने जाणार नाही असं सांगून टाकलं. काही दिवस ती त्यावर ठाम राहिली. पण रोहिदास एकटा पडला होता, खोली जाणार होती, आणि तुषार फोनमधल्या बापाला मामा म्हणायला लागला होता. शेवटी तिने बॅग भरली. सासूला ती वाकडं एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर पोशीला सोपं गेलं असतं. निघताना पाया पडली, पण आशीर्वादासाठी थांबली नाही, सरळ उठून जीपकडे गेली. दिपिका जीपमध्ये चढली होती. तिला वाटलं जव्हारपर्यंत तरी नेतील. रघुने तिला उचलून खाली उतरवलं.

त्या वर्षी लग्नसराईत पोशी गायला गेली. आवाज तोच होता, शब्द एकही चुकला नाही. पण मांडवातल्या बायका म्हणू लागल्या, धवलेरी पहिल्यासारखी मान वर करून गात नाही. तिच्या पोटात काय चाललं होतं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. आपण बरोबर होतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आपल्या बरोबर असण्याचा तिला मनापासून राग आला होता. तिघे तेरा सालाची साक्ष द्यायला तयार होते, सबंध पाडा हो म्हणाला होता, आणि आपण एकटीच अंगठा मुठीत धरून बसलो. कोणासाठी? देवांनी तर पुढे काही विचारलंच नाही.

दिपिका रडणारी पोर नव्हती. शाळेत जायची, विहिरीवरून पाणी आणायची, रविवारी आईशी फोनवर बोलायची. तुषार पलीकडून तिला नवीन खोली दाखवायचा, आणि ती नीट बघायची, खिडकी कुठे, पलंग किती. एके रविवारी फोन ठेवून ती पोशीजवळ येऊन बसली. पोशी तांदूळ निवडत होती.

“आजी, माना का नाय नेलां?”

“कागदाचां अडलां.”

“ढवळूकाका सांगतो, तू तेराचा अंगठा देती तर अडलां नसतां. तुना माहीत होतां का, मी राहीन मागं?”

ओट्यावर बसून धर्मेंद्रने शब्द न् शब्द सांगितला होता, दिपिकाचं नाव घेऊन. पोरगी तोंडाकडे बघत होती.

“नाय,” पोशी म्हणाली. “माना कोणी सांगितलां नव्हतां.”

दिपिकाचा तिच्यावर लगेच विश्वास बसला, कारण धवलेरी खोटं बोलत नाही हे पाड्यातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. ती सरकून आजीला टेकली आणि तिच्या सुपातले खडे वेचू लागली.