लवंगेच्या वासाची पेस्ट

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली, तरी मी पालकाची जुडी उलटून बघते. त्यामुळे द्वारका चौकाजवळच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात, दातांत भरलेलं रेझिन, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, महिन्याभरात पाच जणांचं निघून आलं, तेव्हा माझी नजर सरळ मावशींकडे वळली.

मावशी माझ्या मदतनीस. साहित्याचं कपाट त्यांच्याच ताब्यात. रेझिन दाताला चिकटवणारं औषध नवीन होतं, महागडं, एकाच बाटलीतलं. मावशी त्यातलं थोडं काढून कुणाला विकत असतील आणि बाटलीत स्पिरिट मिसळत असतील का? असं मनात आलं आणि मी बाटली पर्समध्ये टाकून घरी न्यायला लागले. मावशींनी ते पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. मला वाटलं, बघा, पाणी मुरतंयच.

आणि सहावा पेशंट आला, एकलहरे गावचा एक मुलगा. पुढचाच दात. चार दिवसांनी साखरपुडा आणि रेझिन हातात.

तो गेल्यावर मावशींनी सहा केसपेपर टेबलावर मांडले.

"मॅडम, या सगळ्यांना आधी तुम्ही लवंगवाली पेस्ट भरली होती. बाकी कुणाचं एक बी नाय निघालं."

झिंक ऑक्साइडची पूड आणि लवंगेतलं युजेनॉल यांची ती पेस्ट माझी लाडकी. ठणकणारा दात ती शांत करते, म्हणून मी तात्पुरती भरायची. दाढ काढल्यावर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली आणि माणूस कळवळत आला, तर तिच्यात भिजवलेली गॉजची पट्टी आत ठेवली की त्याला बोलता येतं. तिच्यावर कोण संशय घेईल?

पण युजेनॉल दातात झिरपून राहतं आणि रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. कॉलेजात हे पाठ केलं होतं. जुन्या पद्धतीत ॲसिडची जेल लावून दात खळखळून धुवायचे, त्यात बराचसा अंश निघून जायचा. नव्या बाटलीतल्या औषधाला हे जेल लावून धुणंच नव्हतं. आणि मी पेस्ट भरल्यावर तीन-चार दिवसांतच ती काढून रेझिन भरत होते. घाई माझी, संशय दुसऱ्यावर.

त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी परत बोलावून त्याचा दात घासून साफ केला, जेल लावून धुतला आणि पुन्हा भरला. रेझिन टिकलं. पुढे रेझिन भरायचं असेल तर युजेनॉल नसलेलंच तात्पुरतं सिमेंट वापरायचं, असं ठरवलं.

मग बाटली पर्समधून काढून मावशींपुढे धरली. "मावशी, चुकलं माझं. ही कपाटात ठेवा."

मला फार लाज वाटत होती. त्यांनी हात पुढे केला नाही.

"राहू द्या मॅडम, तुमच्यापाशीच. उद्या सातवं निघालं तर मी काय सांगू?"

मावशी अजून माझ्याकडेच आहेत. सगळी कामं करतात. ती बाटली मात्र मीच काढते, मीच ठेवते.