बापाच्या वाट्याचं नाणं

दहावीला अनुवंश शिकवताना मी नाणी वापरते. एक नाणं आईचं, एक बापाचं. छापा म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं. दोन्ही काटे पडले तरच लेकराला आजार; एकच पडला तर ते नुसतं वाहक. पोरं हौसेनं नाणी उडवतात, ती बाकाखाली घरंगळतात, आणि वर्गाचा बाजार होतो.

त्या दिवशी पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र नाणं मुठीत धरून बसली होती.

"मॅडम, बापाच्या नाण्याला दोन्हीकडं छापाच असला तर?"

"तर हा आजार होणारच नाही. फार तर वाहक."

ती फळ्याशी आली. बापाचा चौकोन, आईचा गोल, मधे रेघ, खाली लहान चौकोन. गोल अर्धा रंगवला, म्हणजे वाहक; लहान चौकोन पूर्ण, म्हणजे आजारी. बापाचा कोराच ठेवला. "ही माझी वहिनी, हे तिचं लेकरू. घरचे म्हणून राहिले, दादा कोरा हाय."

"तपासलं का त्याला?"

"न्हाई. डॉक्टरनं दोघांला बोलावलं होतं, दादा गेलाच न्हाई. वहिनीत निघालं म्हणून तिला लेकरासकट वारंगा फाट्याला माहेरी धाडलं. आता दादाला दुसरी बायको बघून राहिले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तपासणी अर्धी आणि निकाल पुरा! मी खडू घेतला आणि तो कोरा चौकोन अर्धा रंगवला. पोरीनं घरी जाऊन तेच सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर.

"मॅडम, पोरीला काहून असलं शिकवून राहिले? आमच्या घराण्यात असलं काही न्हाई."

मी त्यांच्या हातावर दोन नाणी ठेवली. "हे सुनेचं, काटा वर. हे तुमच्या मुलाचं. याचा काटा न येता नातू आजारी कसा झाला, दाखवा मला."

त्यांनी नाणं उलटंसुलटं केलं. मग म्हणाले, "पन गड्यामानसाला काहून टोचायचं?"

"सुनेला टोचलं तेव्हा विचारलंत का?" माझा आवाज इतका चढला की शेजारचा वर्ग गप्प झाला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! रक्त तपासताना तरी हे सोडावं माणसानं. "उद्या दुसरी आणाल, तीही वाहक निघाली तर दर लेकराला हाच जुगार. मग तिलाही धाडाल?"

पुढच्या आठवड्यात बापलेक हिंगोलीच्या दवाखान्यात जाऊन आले. अहवाल आल्यावर वडील पुन्हा शाळेत आले. "निघालं, मॅडम. पोरातबी हाय. सुनेला घेऊन आलो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"काय करता," ते म्हणाले, "नशीब पोराचं!"

"आणि सुनेची माफी मागितली का?"

"तिची काहून? तिच्यातबी हायेच की."